किलोवॅट आणि आरपीएमवरून शाफ्टचा टॉर्क काढताना लोक नेमके कुठे चुकतात: साडेसातच्या मोटरचं पूर्ण गणित

जळगावच्या एमआयडीसीत कुठल्याही डाळ मिलच्या फिटरला विचारा की कन्व्हेअरला कितीची मोटर आहे, तर उत्तर येईल "साडेसातची". आता हे साडेसात एचपी का साडेसात किलोवॅट, हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही, आणि गंमत अशी की मोटरच्या साइजमध्ये दोन्ही असतात. साडेसात एचपीची मोटर म्हणजे ५.५ किलोवॅट, आणि साडेसात किलोवॅटची मोटर म्हणजे १० एचपी. याच एका आकड्यावरून टॉर्कचं, म्हणजे शाफ्टवर येणाऱ्या पिळाचं, गणित सुरू होतं आणि पुढे गिअरबॉक्स, कपलिंग, चेन सगळं त्यावरच मागवलं जातं. म्हणून इथे एकच केस घेऊन शेवटपर्यंत जाऊ. साडेसात एचपीची मोटर, पुढे व्ही-बेल्ट, पुढे वर्म गिअरबॉक्स आणि शेवटी तुरीचा चेन कन्व्हेअर ओढणारा हळू फिरणारा शाफ्ट. प्रत्येक शाफ्टवर टॉर्क किती येतो ते काढायचं आहे.

सूत्र एका ओळीचं आहे, चूक सूत्रात होत नाही, सूत्रात काय टाकलं त्यात होते.

सूत्र, आणि ९५५० कुठून आला

टॉर्क (न्यूटन मीटरमध्ये) = ९५५० × किलोवॅट ÷ आरपीएम

पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग, पण तो वेग रेडियन दर सेकंद असा लागतो. आपल्याकडे आरपीएम असतो, म्हणून २π ने गुणून ६० ने भागायचं. पॉवर वॅटऐवजी किलोवॅटमध्ये घेतो म्हणून १००० येतो. हे सगळं एकत्र केलं की ६०००० ÷ २π, म्हणजे ९५४९.३ होतं, तेच गोल करून ९५५०. एवढंच आहे. पण यावरून एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, हा ९५५० फक्त किलोवॅट, आरपीएम आणि न्यूटन मीटर या तिघांसाठी आहे. तिघातलं एक जरी बदललं तरी आकडा बदलतो.

जुन्या हँडबुकात ७१६ दिसेल, तो मेट्रिक एचपी टाकून किलोग्रॅम मीटर काढायचा आकडा आहे. ९७४ दिसेल, तो किलोवॅट टाकून किलोग्रॅम मीटरचा. अमेरिकन व्हिडिओत ५२५२ येतो, तो त्यांच्या एचपीवरून पाउंड-फूट काढायचा. सगळे बरोबर आहेत पण एकाचा आकडा दुसऱ्याच्या युनिटला लावला की उत्तर पार भलतीकडे जातं. माझं मत विचाराल तर एकच पाठ करा, ९५५०, आणि बाकी जे काही असेल ते आधी किलोवॅटमध्ये आणा.

१. आधी प्लेट वाचा, आणि काय लिहून घ्यायचं

मोटरच्या नेमप्लेटवरून तीन गोष्टी कागदावर उतरवा: किलोवॅट, आरपीएम आणि फ्रिक्वेन्सी. एचपी पण लिहा पण कंसात लिहा, गणितात तो जाणार नाहीये. आपल्या केसमध्ये प्लेटवर आहे ५.५ किलोवॅट, ७.५ एचपी, १४४० आरपीएम, ५० हर्ट्झ.

इथे पहिली चूक होते. प्लेटवरचे किलोवॅट ही मोटर शाफ्टवर देते ती पॉवर असते, लाइनमधून ओढते ती नाही. बरेच जण प्लेटवरची एफिशियन्सी बघतात आणि ५.५ ला ०.८६ ने गुणून बसतात, त्यांना वाटतं नुकसान वजा केलं. ते नुकसान आधीच वजा झालेलं आहे. मोटर लाइनमधून साधारण साडेसहा किलोवॅट घेते तेव्हा शाफ्टवर साडेपाच मिळतात.

उलट केस पण असते. क्लॅम्प मीटर लावून अँपिअर मोजले, त्यावरून व्होल्टेज आणि पॉवर फॅक्टर धरून किलोवॅट काढले, तर ती झाली आत जाणारी पॉवर, तिला मात्र एफिशियन्सीने गुणावंच लागतं. थोडक्यात कागदावर किलोवॅट लिहिताना बाजूला "शाफ्टचे" का "लाइनचे" ते लिहा.

जिनिंगवाल्यांकडे आणि जुन्या मिलमध्ये अजून एक अडचण असते, मोटर दोन-तीनदा रिवाइंड झालेली, प्लेटवर रंगाचे थर चढलेले किंवा प्लेटच गायब. रंग असेल तर खरवडा, थिनर लावा, पण अंदाजाने लिहू नका. प्लेटच नसेल तर बॉडीची साइज बघून "दहाची असेल" म्हणणाऱ्याला आधी विचारा, दहा काय? रिवाइंडिंगवाल्याकडे डेटा लिहिलेला असतो बऱ्याचदा, त्याला फोन करणं सोपं.

२. एचपी असेल तर आत्ताच किलोवॅट करा

कागदावर फक्त एचपी असेल तर ०.७४६ ने गुणा. ७.५ × ०.७४६ = ५.६. प्लेटवर ५.५ लिहिलंय, मग कोण खरं? दोन्ही. मोटरच्या साइजा किलोवॅटमध्ये ठरलेल्या असतात, ३.७, ५.५, ७.५, ११, १५ अशा, आणि त्यांच्या जवळचा एचपी बाजूला लिहिलेला असतो. म्हणून ५ एचपी म्हणजे ३.७, १० म्हणजे ७.५, १५ म्हणजे ११, २० म्हणजे १५. फरक दीड-दोन टक्क्यांचा आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पण प्लेटवर किलोवॅट असतील तर तेच घ्या.

ट्रॅक्टर किंवा डिझेल इंजिनाचा विषय असेल तर जरा थांबा. एचपी दोन प्रकारचे असतात. एक ७४५.७ वॅटचा, एक मेट्रिक ७३५.५ वॅटचा. ब्रोशरमध्ये पीएस लिहिलं असेल तर तो मेट्रिक, तिथे ०.७३५५ ने गुणायचं. दोघांत फरक साधारण १.४ टक्के पडतो, त्याने शाफ्ट तुटत नाही. पण ट्रॅक्टरला एक वेगळीच गडबड होते. एचपी इंजिनाचा घेतात आणि आरपीएम पीटीओचा, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचा, ५४०. पीटीओवर इंजिनापेक्षा कमी पॉवर पोचते, तिचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो घ्या. आणि ब्रोशरमधला "मॅक्स टॉर्क" हा मॅक्स पॉवरच्या आरपीएमला नसतो, तो खालच्या आरपीएमला असतो, म्हणून तो आपल्या गणिताशी जुळला नाही तर घाबरू नका, दोन वेगळ्या ठिकाणची मापं आहेत ती.

> चुकलं तर किती चुकतं: ७.५ ला किलोवॅट समजून सूत्रात टाकलं तर टॉर्क ३६ टक्के जास्त येतो. गिअरबॉक्स मोठा येईल, पैसे जातील, पण मशीन चालेल. उलट चूक जास्त वाईट आहे. ५.५ हा एचपी समजून परत ०.७४६ ने गुणलं की ४.१ होतात आणि टॉर्क २५ टक्के कमी येतो. त्यावर घेतलेला गिअरबॉक्स सीझनच्या मध्यात बसतो.

शाफ्टच्या बाबतीत ही चूक थोडी झाकली जाते कारण पिळाला लागणारा व्यास टॉर्कच्या घनमुळाप्रमाणे वाढतो, ३६ टक्के टॉर्क वाढला तर व्यास फक्त ११ टक्के वाढतो. गिअरबॉक्सला अशी सवलत नाही, त्याच्या कॅटलॉगमध्ये टॉर्कची सरळ मर्यादा असते.

३. कागदावर लाइन काढा, प्रत्येक शाफ्टला नाव द्या

हे काम लोक गाळतात आणि मग सगळ्यात मोठी चूक करतात. कोणत्या शाफ्टचा टॉर्क काढतोय ते ठरवलेलंच नसतं. मोटरचा किलोवॅट घेतला, मोटरचाच १४४० घेतला, उत्तर आलं ३६, आणि तेच घेऊन कन्व्हेअरच्या शाफ्टचं कपलिंग मागवायला निघाले. भो, तो शाफ्ट मिनिटाला २४ वेळा फिरतो, त्याच्यावर त्याच्या चाळीसपट टॉर्क आहे!

आपल्या लाइनमध्ये तीन शाफ्ट आहेत:

- अ: मोटरचा शाफ्ट
- ब: गिअरबॉक्सचा आत जाणारा शाफ्ट, बेल्टने फिरतो
- क: गिअरबॉक्सचा बाहेर येणारा शाफ्ट, याच्यावर चेनचं स्प्रॉकेट

प्रत्येकासमोर दोन रकाने, त्या शाफ्टवर पोचणारे किलोवॅट आणि त्या शाफ्टचा आरपीएम. नियम एकच, ज्या शाफ्टचा टॉर्क पाहिजे त्याच शाफ्टचे दोन्ही आकडे. एकाचे किलोवॅट आणि दुसऱ्याचा आरपीएम असं चालत नाही.

४. प्रत्येक शाफ्टचा आरपीएम

*शाफ्ट अ.* प्लेटवरचा १४४०. काही जण १५०० टाकतात कारण चार पोलची मोटर ५० हर्ट्झला १५०० ची असं शिकलेलं असतं. १५०० हा आतल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा वेग, रोटर लोडवर थोडा मागे राहतो. १५०० टाकल्याने टॉर्क ४ टक्के कमी येतो, फार मोठी चूक नाही पण फुकटची आहे. बिनलोड मोटरवर टॅकोमीटर लावला तर १४९० च्या आसपास दाखवेल, तो पण घेऊ नका, प्लेटचे किलोवॅट आणि प्लेटचा आरपीएम हे जोडीने दिलेले आहेत.

*शाफ्ट ब.* मोटरची पुली १२५ मिलिमीटर, गिअरबॉक्सची २५०. म्हणजे १४४० × १२५ ÷ २५० = ७२०. बेल्ट थोडा घसरतो त्यामुळे खरा आकडा टक्का-दीड टक्का कमी असेल, ते सोडून देऊ. पुलीचं माप मात्र नीट घ्या, बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत टेप लावून आलेलं माप म्हणजे पुलीचा कामाचा व्यास नसतो, व्ही-बेल्टमध्ये तो थोडा आत असतो. लहान पुलीत हा फरक जास्त जाणवतो.

*शाफ्ट क.* गिअरबॉक्सच्या प्लेटवर ३०:१. ७२० ÷ ३० = २४.

> खात्री करा: २४ आरपीएमचा शाफ्ट डोळ्यांनी मोजता येतो. शाफ्टच्या टोकाला खडूची रेघ मारा, मोबाइलचं स्टॉपवॉच लावा, आणि एक नाही तर पाच मिनिटं मोजा. साधारण १२० फेऱ्या आल्या पाहिजेत. ६० आल्या तर रेशो वेगळा आहे किंवा कोणीतरी कधीतरी पुली बदललीये.

टॅकोमीटरबद्दल एक. लेझरवाला वापरत असाल तर चमकती पट्टी एकच लावा. शाफ्टवर दुसरं काही चमकत असेल, पुलीला शाफ्टवर पक्की धरणाऱ्या चावीची घासलेली कड किंवा जुनी पट्टी राहिलेली, तर मीटर ते पण मोजतो आणि आरपीएम डबल दाखवतो. १४४० च्या मोटरवर २८८० दिसले तर मोटर दोन पोलची निघाली म्हणून खूष होऊ नका, आधी शाफ्ट काळ्या मार्करने रंगवा.

५. प्रत्येक शाफ्टवर पोचणारे किलोवॅट

वाटेत पॉवर कमी होत जाते, वाढत कधीच नाही. "गिअरबॉक्सने ताकद वाढते" असं आपण म्हणतो ना, ते टॉर्कबद्दल खरं आहे, पॉवरबद्दल नाही.

शाफ्ट अ वर पूर्ण ५.५.

व्ही-बेल्टला ५ टक्के नुकसान धरू, म्हणजे शाफ्ट ब वर ५.५ × ०.९५ = ५.२२ किलोवॅट. बेल्ट ढिला असेल तर नुकसान अजून जास्त, पण ते गणिताने नाही, बेल्ट ताणून सुटतं.

आता वर्म गिअरबॉक्स. इथे लोक ९५ टक्के धरतात कारण कुठेतरी वाचलेलं असतं की गिअरची एफिशियन्सी ९५-९८ असते. ती हेलिकल गिअरची. वर्ममध्ये दात एकमेकांवर घासत सरकतात, आणि रेशो जितका मोठा तितकं नुकसान जास्त. ३०:१ ला ७० ते ८० टक्के धरणं ठीक. हात लावून बघा, चालता वर्म गिअरबॉक्स चांगला तापलेला असतो, ती गेलेली पॉवर तिथे दिसते. कॅटलॉगमध्ये तुमच्या मॉडेलचा आकडा असेल तर तो घ्या, नसेल म्हणून आपण ७५ धरू. शाफ्ट क वर ५.२२ × ०.७५ = ३.९२ किलोवॅट.

म्हणजे साडेपाचपैकी दीडपेक्षा जास्त किलोवॅट वाटेतच गेले.

६. आता सूत्र

एवढी तयारी झाल्यावर कॅल्क्युलेटरचं काम दोन मिनिटांचं.

- शाफ्ट अ: ९५५० × ५.५ ÷ १४४० = ३६.५ न्यूटन मीटर
- शाफ्ट ब: ९५५० × ५.२२ ÷ ७२० = ६९ न्यूटन मीटर
- शाफ्ट क: ९५५० × ३.९२ ÷ २४ = १५६० न्यूटन मीटर

एक्सेलमध्ये करत असाल तर B1 मध्ये किलोवॅट आणि B2 मध्ये आरपीएम टाका:

```
=9550*B1/B2
```

वर्कशॉपमध्ये अजूनही किलोग्रॅम मीटरमध्ये बोलतात, तर न्यूटन मीटरला ९.८१ ने भागा. १५६० ÷ ९.८१ = १५९. हा आकडा मला जास्त आवडतो कारण तो डोळ्यासमोर येतो: शाफ्टला एक मीटरचा आडवा पाइप वेल्ड केला आणि त्याच्या टोकाला १५९ किलो वजन टांगलं तर जेवढा पीळ पडेल तेवढा. मोटरच्या शाफ्टवर मात्र त्याच एक मीटर पाइपाला पावणेचार किलोपण लागत नाहीत.

उत्तर लिहिताना युनिट लिहा. नुसतं "१५९ टॉर्क" लिहून गिअरबॉक्सवाल्याला व्हॉट्सअॅप केलं तर तो न्यूटन मीटर समजेल आणि मुठीएवढा गिअरबॉक्स पाठवेल.

७. तीन उलट तपासण्या

आलेलं उत्तर मागवायच्या आधी तपासा, कारण चूक झाली असेल तर इथे नक्की पकडली जाते.

*पहिली, उलट गणित.* टॉर्क × आरपीएम ÷ ९५५० केलं की किलोवॅट परत यायला हवेत. १५६० × २४ ÷ ९५५० = ३.९२. बरोबर. कुठल्याही शाफ्टवर हा आकडा मोटरच्या किलोवॅटपेक्षा जास्त आला तर तुम्ही दोन शाफ्टचे आकडे मिसळलेत, दुसरं कारण शोधत बसू नका.

*दुसरी, रेशोने.* मोटरचा टॉर्क ३६.५, एकूण रेशो २ × ३० = ६०, एकूण एफिशियन्सी ०.९५ × ०.७५ = ०.७१. तिघांचा गुणाकार १५६० च्या जवळ येतो. नुकसान धरलंच नसतं तर साधारण २१९० आलं असतं. म्हणजे फक्त एफिशियन्सी विसरल्याने सहाशेच्या वर न्यूटन मीटर कागदावर जास्त दिसतात, आणि मग "गणिताने तर बसतंय, चेन का ओढत नाही" असा प्रश्न पडतो.

*तिसरी, तोंडी.* १४४० च्या मोटरला दर एचपी साधारण ५ न्यूटन मीटर पडतात. साडेसात एचपी म्हणजे ३७ च्या आसपास. २८८० ला त्याच्या निम्मे, ९६० ला दीडपट. ही चाल डोक्यात असली की समोरच्याने "साडेसात एचपी, १४४०, पन्नास न्यूटन मीटर" म्हटलं की लगेच कळतं की याने एचपी सरळ किलोवॅटच्या जागी टाकलाय.

८. हा टॉर्क म्हणजे नेमकं काय, आणि कुठे सूत्र फसवतं

इथे जरा सावकाश वाचा, कारण गणित बरोबर करूनही लोक इथे फसतात.

आपण काढला तो मोटर पूर्ण लोडवर चालताना मिळणारा टॉर्क. मोटर तेवढा नेहमी देते असं नाही. लोड मागेल तेवढाच ती देते. कन्व्हेअर रिकामा चालत असेल तर शाफ्ट क वर १५६० च्या कितीतरी कमी असेल, आणि अँपिअर बघूनच ते कळतं. म्हणून चालू मशीनचा खरा टॉर्क पाहिजे असेल तर प्लेट नाही, मोजलेली पॉवर लागते, पहिल्या टप्प्यात सांगितलेली लाइनवाली, एफिशियन्सी गुणून. आणि मोटर अर्ध्यापेक्षा कमी लोडवर असेल तर नुसत्या अँपिअरवर भरवसा ठेवू नका, तेव्हा पॉवर फॅक्टर एकदम पडतो, पॉवर मीटरच लावा.

दुसरीकडे, अडकली तर मोटर जास्तही देते. तुरीत गोणीचा तुकडा किंवा खडा येऊन चेन जाम झाली, तर साधी इंडक्शन मोटर बंद पडायच्या आधी पूर्ण लोडच्या दोन-अडीचपट टॉर्क देऊन बघते. म्हणजे शाफ्ट क वर क्षणभर तीन हजारच्या वर. ओव्हरलोड रिले काही सेकंद घेते, तोपर्यंत चावी कापली गेलेली असते. म्हणून अशा ठिकाणी शिअर पिन लावतात, म्हणजे तुटायचंच असेल तर ती स्वस्तातली पिन तुटेल.

व्होल्टेजचं पण बघा. मोटरचा सुरू होतानाचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ४१५ च्या जागी ३६० मिळत असेल, आणि गावाकडच्या फीडरवर उन्हाळ्यात ते काही नवीन नाही, तर सुरुवातीचा टॉर्क पाऊण होतो. भरलेला कन्व्हेअर मग उचलत नाही आणि दोष गिअरबॉक्सला जातो.

> ड्राइव्ह लावलीये का? व्हीएफडीने, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हने, मोटर २५ हर्ट्झवर चालवली की वेग साधारण ६९० आरपीएम होतो. लोक ९५५० × ५.५ ÷ ६९० करतात, ७६ येतं, आणि खूष होतात की ड्राइव्हने टॉर्क डबल झाला. झाला नाही. २५ हर्ट्झला मोटर ५.५ किलोवॅट देऊच शकत नाही. टॉर्क तोच राहतो, ३६.५ च्या आसपास, आणि पॉवर २.६ किलोवॅटवर येते. ५० हर्ट्झच्या वर गेलात तर उलट, टॉर्क कमी होत जातो, ६० हर्ट्झला ३० च्या आसपास.

हा ड्राइव्ह आणि गिअरबॉक्समधला फरक नीट लक्षात घ्या. वेग अर्धा पुलीने किंवा गिअरने केला तर टॉर्क जवळपास दुप्पट मिळतो. वेग अर्धा ड्राइव्हने केला तर टॉर्क तेवढाच राहतो. गिअरबॉक्स काढून "ड्राइव्हने करू की हळू" असा सल्ला देणारे भेटतात, त्यांना हे गणित कागदावर करून दाखवा. शिवाय मोटर खूप हळू फिरली की मागचा पंखाही हळू फिरतो आणि पूर्ण टॉर्कवर मोटर तापते, त्यामुळे फार खालच्या वेगावर तो ३६.५ पण कायम काढता येत नाही, वेगळा पंखा लावावा लागतो.

९. ऑर्डर देताना हा आकडा कसा वापरायचा

गिअरबॉक्सच्या कॅटलॉगमध्ये बाहेरच्या शाफ्टचा टॉर्क बघा, नुसते एचपी बघून घेऊ नका. आपल्याला १५६० लागतो, पण तो जेमतेम बसणारा घ्यायचा नाही. चेन कन्व्हेअरवर माल एकसारखा येत नाही, झटके बसतात, दिवसाचे तास पण जास्त, म्हणून सर्व्हिस फॅक्टर १.५ धरला तर १५६० × १.५ = २३४० न्यूटन मीटर. २४ आरपीएमला एवढा टॉर्क कायम घेणारा मॉडेल शोधा. फॅक्टर किती घ्यायचा त्याचं टेबल त्याच कॅटलॉगच्या पुढच्या पानांत असतं, मशीनचा प्रकार आणि रोजचे तास बघून. हा फॅक्टर एकदाच लावा, दुकानदाराने पण लावला आणि तुम्ही पण लावला की उगाच एक साइज वर जाते.

चेनसाठी टॉर्कला स्प्रॉकेटच्या त्रिज्येने भागा. स्प्रॉकेटचा पिच व्यास २४० मिलिमीटर असेल तर त्रिज्या ०.१२ मीटर, आणि १५६० ÷ ०.१२ = १३००० न्यूटन, म्हणजे सव्वातेराशे किलोची ओढ. इथे दोन चुका नेहमीच्या आहेत, त्रिज्येऐवजी पूर्ण व्यास टाकणं, त्याने ओढ निम्मी दिसते, आणि मिलिमीटरचं मीटर न करणं, त्याने ती हजारात एक दिसते आणि मग सायकलची चेनपण पुरेल असं वाटतं. हीच ओढ गिअरबॉक्सच्या शाफ्टला एका बाजूने वाकवते पण. तेव्हा कॅटलॉगमध्ये टॉर्कच्या शेजारी आडव्या लोडची मर्यादा दिलेली असते ती पण तपासा, आणि स्प्रॉकेट गिअरबॉक्सच्या जितकं जवळ बसेल तितकं जवळ बसवा.

गिअरबॉक्सवाल्याला पाठवायचा मेसेज मग असा होतो: मोटर ५.५ किलोवॅट (७.५ एचपी), १४४० आरपीएम, ५० हर्ट्झ, बेल्ट रेशो २, गिअरबॉक्स वर्म ३०:१, बाहेरचा वेग २४ आरपीएम, बाहेरचा टॉर्क १५६० न्यूटन मीटर, सर्व्हिस फॅक्टर वेगळा १.५, शाफ्टवर चेन स्प्रॉकेट, ओढ १३००० न्यूटन, मशीन चेन कन्व्हेअर, माल तूर, रोजचे तास इतके. समोरचा यातून स्वतः गणित करून बघू शकतो, आणि त्याचा आकडा वेगळा आला तर कुठल्या ओळीत फरक पडतोय ते फोनवरच सापडतं.